टीईटी उजळणी पान : मूल्यमापनाच्या संज्ञा
अभ्यासिका, अंबाजोगाई. पेपर १ व २, बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र (३० गुण)

नुसती व्याख्या क्वचितच विचारतात. वर्गातला प्रसंग देतात आणि नाव ओळखायला लावतात. म्हणून प्रसंगातल्या शिक्षकाचा हेतू आधी शोधा.

मापन, मूल्यमापन : "२० पैकी १३" हे मापन. "वाचन सुधारले, जोडाक्षरांवर अडते" हे मूल्यमापन, कारण त्यात मूल्यनिर्णय आला.

आकारिक : शिकणे चालू असताना, अध्यापन सुधारण्यासाठी. संकलित : सत्राच्या शेवटी, संपादन ठरवण्यासाठी. कागद तोच असला तरी निकालाचा उपयोग बदलला की प्रकार बदलतो. सर्वाधिक गुण इथेच जातात. आकारिकची तंत्रे : निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आधार : शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९.

नैदानिक चाचणी : कुठे आणि का चुकते, हे शोधणारी. तिसरीतली मुलगी ५२ − २७ = ३५ लिहिते, ६१ − ३८ = ३७ लिहिते. दोन्हीकडे मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे दशक सुटा करणे कळलेले नाही. हे निदान. काड्यांचे गठ्ठे सोडवून ते पुन्हा शिकवणे म्हणजे उपचारात्मक अध्यापन. ऊसतोडीहून आई-वडिलांबरोबर परतलेल्या मुलांसाठी आपल्या बीडच्या शिक्षकाला याची गरज दरवर्षी पडते. त्या मुलांना गुण नकोत, नेमके काय राहून गेले ते सापडायला हवे.

सप्रमाणता : जे मोजायचे तेच मोजणे. घरी गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या मुलाला अवघड मराठीतले शाब्दिक उदाहरण दिले, तर गणिताऐवजी भाषा मोजली जाते. विश्वसनीयता : पुन्हा घेतली तरी निकालात सातत्य. कसोटी विश्वसनीय असूनही सप्रमाण नसू शकते. उलट मात्र होत नाही, सप्रमाण कसोटी विश्वसनीय असावीच लागते. वस्तुनिष्ठता : तपासणारा बदलला तरी गुण तेच.

काठिण्य निर्देशांक : बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण. म्हणून आकडा मोठा, तर प्रश्न *सोपा*. घाईत हे उलटे होते. भेदशक्ती : हुशार व मागे पडलेले यांना वेगळे करण्याची प्रश्नाची ताकद. त्यासाठी वरचे २७% आणि खालचे २७% विद्यार्थी घेतात.

निकष संदर्भीय : ठरलेल्या उद्दिष्टाशी तुलना. मानक संदर्भीय : इतर विद्यार्थ्यांशी तुलना. शतमक दुसऱ्यात येतो.

संविधान तक्ता : उद्दिष्ट, घटक व प्रश्नप्रकार यांना गुणांचा भार देणारा प्रश्नपत्रिकेचा आराखडा.

झटपट : पडताळा सूची = आहे/नाही. पदनिश्चयन श्रेणी = किती प्रमाणात. प्रासंगिक नोंद = घडलेल्या लक्षणीय वर्तनाचे वर्णन. समाजमिती = मोरेनो. ब्लूम = १९५६, सुधारित रूप २००१, सर्वांत वर "निर्मिती". बुद्ध्यंक = मानसिक वय ÷ शारीरिक वय × १००.