क्षेत्र समन्वयक (घाटंजी) : संदर्भासाठी दोघांचे संपर्क हवेत

नमस्कार वैशालीताई,

मंगळवारच्या मुलाखतीनंतर अंतिम दोन उमेदवारांत तुमचं नाव आहे. अभिनंदन! नेमणुकीचा निर्णय अजून व्हायचा आहे, त्यामुळे हातातली नोकरी आत्ताच सोडू नका.

तुमचं काम जवळून पाहिलेल्या दोघांची नावं, हुद्दा, मोबाइल नंबर आणि बोलायला सोयीची वेळ शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. एक जण तुमचे आधीचे वरिष्ठ असावेत. दुसरी व्यक्ती म्हणून बचत गटाच्या अध्यक्षा किंवा ग्रामसेवक चालतील. नातेवाईक मात्र नकोत.

नंबर पाठवण्याआधी दोघांनाही स्वतः फोन करून विचारा. आम्ही कोण, कशासाठी बोलणार, हे सांगा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच नंबर द्या. गावात अनोळखी नंबरवरून कुणाची चौकशी आली की माणसं धास्तावतात, आणि भलतीच चर्चा सुरू होते. तो त्रास तुम्हाला होऊ नये. कुणी नको म्हटलं तर दुसरं नाव द्या, त्याचा निवडीवर काही परिणाम होणार नाही.

फोन आम्ही सोमवार-मंगळवारी करू. सध्या कापूस वेचणी जोरात आहे, म्हणून संध्याकाळी सातनंतर. बोलणं दहा मिनिटांचं : तुमचं काम, हिशेबाची शिस्त, शेतकऱ्यांशी वागणूक. सध्याच्या कार्यालयात मात्र तुमच्या लेखी होकाराशिवाय कुणालाही विचारणार नाही. निवड झाली नाही तर हे नंबर आमच्याकडून काढून टाकू.

याच मेलला 'दोघांची संमती घेतली आहे' असं लिहून उत्तर द्या. इंटरनेट चालत नसेल तर एसएमएसही चालेल.

आपली,
संगीता
मनुष्यबळ विभाग, यवतमाळ