टिबियाच्या फ्रॅक्चरच्या फॉलो-अप एक्स-रेबाबत विचारणा

दिनांक : २१ जून २०२४

मा. डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

उजव्या टिबियाच्या फ्रॅक्चरसाठी आपण १२ मार्चला इंटरलॉकिंग नेल टाकलेले ४६ वर्षांचे गृहस्थ माझ्याकडे व्यायामाला येतात. त्यांचे नाव व नोंदणी क्रमांक सोबतच्या केस पेपरवर आहे. १८ जूनला, म्हणजे बरोबर चौदाव्या आठवड्याला, काढलेले एपी आणि लॅटरल फिल्म्स ते घेऊन आले. ते पाहून एका गोष्टीवर आपले मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटले, म्हणून हे पत्र.

डिस्चार्ज कार्डावर आपण लिहिले आहे : ‘पार्शल वेट बेअरिंग, कॅलस दिसल्यावर फुल.’ कॅलस दिसतो आहे, आणि रेडिओलॉजीच्या रिपोर्टमध्येही ‘हिलिंग फ्रॅक्चर, कॅलस दिसतो, क्लिनिकल तपासणीशी जुळवून पाहावे’ एवढेच आहे. रुग्णाच्या दृष्टीने अट पूर्ण झाली आणि आता दोन्ही कुबड्या सोडायच्या. मला मात्र हा कॅलस एकाच बाजूला भरून आलेला वाटतो. तेवढ्यावर आपली अट पूर्ण झाली असे धरायचे का?

मी फिल्ममध्ये काय पाहिले ते सांगते. चुकत असेन तर जरूर दुरुस्त करावे. एपीवर लॅटरल कॉर्टेक्सला चांगला पूल बांधला गेला आहे आणि तिथे फ्रॅक्चर लाइन जवळजवळ दिसत नाही. मेडियल कॉर्टेक्सला मात्र कॅलस नाही आणि लाइन स्वच्छ आहे. लॅटरल व्ह्यूवर पुढे आणि मागे दोन्हीकडे कॅलस आहे, पण लाइन अजून दिसते. रस्ट स्कोअरच्या भाषेत मी मेडियलला १, लॅटरलला ३ आणि पुढच्या-मागच्या कॉर्टेक्सना प्रत्येकी २ दिले. एकूण १२ पैकी ८. २३ एप्रिलच्या फिल्मवर तो माझ्या मते ५ होता. म्हणजे प्रगती नक्की आहे. पण चारपैकी किमान तीन कॉर्टेक्स जोडलेले दिसले की हाड जुळले असे आपण सगळेच धरतो, आणि इथे मला एकच खात्रीने जोडलेला दिसतो. फ्रॅक्चर मधल्या आणि खालच्या तृतीयांशाच्या सांध्यावर आहे, म्हणजे रक्तपुरवठा आणि स्नायूंचे आवरण दोन्ही कमी असलेल्या जागी. म्हणून मेडियल बाजूची चिंता जास्त वाटते.

एक शंका अशीही आहे की यावेळची एपी थोडी फिरलेली असावी, कारण एप्रिलच्या फिल्ममध्ये फिब्युला टिबियाच्या मागे जितका झाकला होता तितका तो इथे झाकलेला नाही. म्हणजे मेडियल बाजूची फट खरी आहे की केवळ कोन बदलल्यामुळे उठून दिसते, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही ऑब्लिक व्ह्यू काढून उपयोग होईल का, की सीटी लागेल, की तीन-चार आठवड्यांनी पुन्हा साधी फिल्म पुरेशी आहे, हे आपणच सांगावे.

आता तपासणीत काय आढळते ते. फ्रॅक्चरच्या जागी, पुढच्या-आतल्या बाजूला, बोटाने दाबल्यावर स्पष्ट दुखते. उजवा पाय वजनकाट्यावर ठेवून हळूहळू भार दिला, तर ३० किलोपर्यंत त्रास नाही, ४० ला दुखायला लागते आणि ५० ला दहापैकी पाच वेदना. वजन ७२ किलो आहे, म्हणजे पूर्ण भार अजून बराच लांब आहे. वेदना गुडघ्यापुढे नाही. नेलनंतर तिथे दुखणे नेहमीचे, म्हणून वेगळे विचारून घेतले. ते बोट नेमके फ्रॅक्चरवरच ठेवतात. जागा गरम नाही, लाल नाही, जखम कोरडी, ताप नाही. गुडघा पूर्ण सरळ होतो आणि १३० अंश वाकतो. गुडघा वाकवून घोट्याचा वर वळण्याचा कोन ८ अंश आहे, डाव्या बाजूला १५. पोटरी दोन सेंटिमीटरने बारीक झाली आहे.

आणखी दोन गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्या नसाव्यात. रुग्णाच्या परवानगीने लिहिते. सुटल्यानंतर महिन्याभरात त्यांनी सिगारेट पुन्हा सुरू केली आणि दिवसाला पाच-सहा होतात. शिवाय रात्री दुखले की डायक्लोफिनॅकची गोळी स्वतःच्या मनाने घेतात, आठवड्यात चार-पाच वेळा. सिगारेट सोडण्याविषयी मी बोलले आहे, पण आपण एकदा स्पष्ट सांगितलेत तर त्याचे वजन वेगळे पडेल. गोळीऐवजी काय द्यावे हेही आपणच ठरवावे.

भाराचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण दोन्हीकडून नुकसान आहे. नेलच्या आधारावर हाड कॅलस बांधते ते थोड्याशा हालचालीच्या आणि भाराच्या चालनेवरच. मी त्यांना आणखी सहा आठवडे भीतभीत चालवले, तर कॅलसला हवी ती चालनाच मिळणार नाही आणि पोटरी आणखी सुकेल. उलट आज मोकळे सोडले आणि मेडियल बाजू खरोखरच रिकामी असेल, तर सगळा ताण नेलवर आणि खालच्या लॉकिंग स्क्रूंवर येईल. त्या स्क्रूंभोवती मला पोकळी दिसली नाही. तरी आपली नजर एकदा तिथून फिरावी अशी विनंती. वेदना ही खूण मानून, दुखणार नाही इतपत भार दर आठवड्याला पाच किलोने वाढवत नेणे मला पटते. पण ‘कॅलस दिसल्यावर’ याचा आपल्याला अभिप्रेत अर्थ कळल्याशिवाय मी ते सुरू करणार नाही.

फिब्युला मात्र फिल्मवर पूर्ण जुळलेला दिसतो. तो आधी जुळल्यामुळे टिबियाची टोके एकमेकांवर दाबली जात नसतील का, आणि पुढे स्टॅटिक स्क्रू काढून डायनॅमायझेशन करण्याचा आपला विचार आहे का? निर्णय सर्वस्वी आपला. विचारते एवढ्यासाठी की तसे ठरले, तर त्याआधी आणि नंतर भाराचे वेळापत्रक वेगळे आखावे लागेल.

आपले उत्तर येईपर्यंत दोन्ही कुबड्या तशाच, उजव्या पायावर ३० किलोच्या आत, एका पायावर उभे राहणे आणि पायावर पिळा पडेल असे वळणे बंद. घोट्याचे ताण, बसून पोटरी-मांडीचे व्यायाम आणि कमी रोधाची स्थिर सायकल चालू ठेवते. हाड लवकर जुळावे म्हणून मशीनचा शेक द्या असा घरच्यांचा आग्रह आहे. आत धातू असल्यामुळे शॉर्टवेव्ह डायथर्मी मी देणार नाही, आणि तिने हाड जुळत नाही हेही त्यांना सांगितले आहे.

रुग्णाचे काम दिवसभर उभे राहण्याचे आहे आणि १ जुलैला रुजू व्हायला हवे, असे त्यांच्या वरिष्ठांनी कळवले आहे. माझ्या तपासणीवरून ते इतक्यात शक्य दिसत नाही, पण रजा वाढवण्यासाठी त्यांना आपला लेखी सल्ला लागेल. १८ जून आणि २३ एप्रिलच्या दोन्ही फिल्म्स सोबत जोडल्या आहेत. रुग्ण माझ्याकडे मंगळवारी २५ तारखेला सकाळी येणार आहेत. त्याआधी दोन ओळींचे उत्तर, किंवा ओपीडी संपल्यावर एक फोन, पुरेल. फिल्म एकत्र पाहायची असेल, तर आपण म्हणाल त्या वेळी मी येते.

आपली विश्वासू,
फिजिओथेरपिस्ट, बाह्यरुग्ण पुनर्वसन विभाग

सोबत : केस पेपरची प्रत, दोन्ही तारखांच्या एपी व लॅटरल फिल्म्स, रेडिओलॉजी रिपोर्ट, वजनकाट्यावरील भाराची नोंदवही