न केलेल्या पकडीबद्दल अभिनंदन

आदरणीय ताई आणि मुलींनो,

कबड्डीचं जिल्हा अजिंक्यपद मिळवल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन!

एवढं वाक्य रविवारी रात्रीच ग्रुपवर टाकलं होतं. मी टाकलं, आणखी शंभर जणांनी टाकलं, वर फुलं आणि टाळ्याही झाल्या. पण सोमवारी पेपरात चार ओळी आल्या, ‘अटीतटीच्या लढतीत एका गुणाने मात’, आणि त्यात प्रशिक्षक म्हणून ताईंचा उल्लेखच नाही. शेवटच्या चढाईत काय झालं, तेही नाही. म्हटलं, आपणच बसून नीट लिहावं. हे पत्र मंडळाच्या खोलीतल्या फळ्यावर लावा.

नावं मुद्दाम लिहीत नाहीये. बारा जणींमधलं एखादं राहून गेलं तर वर्षभर रुसवा काढत बसावं लागेल. पाठीवरचे नंबर लिहिते. कोण कोण ते तुम्हाला ठाऊक आहे.

उपांत्य सामन्यापर्यंतचं फार लिहीत नाही. ३४-१९ हा फरकच पुरेसं बोलतो. अंतिम सामन्याचं मध्यंतर मात्र विसरता येणार नाही. ११-१८. एक लोण अंगावर बसलेला. माझ्या शेजारी बसलेले एक काका चपला शोधायला लागले होते. खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात उपविजेतेपदाच्या अभिनंदनाची वाक्यं जुळवत होते. ती वाक्यं वाया गेली, फार बरं झालं.

दुसऱ्या डावात नऊ नंबरचा गुडघा मुरगळला आणि अकरा नंबर आत आली. तेव्हा शेवटची सहा मिनिटं उरली होती. अख्ख्या स्पर्धेत ती तेवढीच खेळली. आणि चारच मिनिटं उरली तेव्हा फलकावर होतं २३-२६ आणि मॅटवर आपल्या तिघी: पाच, दोन आणि ही अकरा. समोरून चढाईला आली ती त्यांची सगळ्यात तयार चढाईपटू. तिनं पायानं टिपायला म्हणून पाय लांब टाकला आणि पाच नंबरनं घोटा धरला. घोटा एकट्या हातानं टिकत नाही, हे खेळलेल्या कुणालाही कळतं. दोन नंबरनं कंबर धरली, तरी ती दोघींना ओढत मध्यरेषेकडे निघालीच होती. तेव्हा अकरा नंबर तिच्या आणि रेषेच्या मधे आली. धडक नाही, झटापट नाही, नुसती वाट बंद केली. तिघींची पकड म्हणून अव्वल पकडीचे दोन गुण मिळाले. २५-२६. लगेच पुढच्या चढाईत सात नंबरनं परतताना उजव्या कव्हरच्या दंडाला हात लावला आणि २६-२६. आपल्या दोघी परत आत आल्या, मॅटवर पाच झाल्या.

इथपर्यंतचं सगळ्यांनी पाहिलं, व्हिडिओही सगळ्यांकडे आहेत. मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं.

त्यानंतरच्या दोन्हीकडच्या चढाया रिकाम्या गेल्या. कुणालाच चूक परवडणार नव्हती. घड्याळात शेवटच्या चढाईपुरताच वेळ उरला आणि ती चढाई त्यांची होती, तीही सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी. म्हणजे गुण आणला नाही तर चढाई करणारीच बाद. तेव्हा ताईंनी टाइम आउट मागितला. मुली मॅटवर, ताई रेषेबाहेर. मी कान टवकारून बसले होते, पण गोंगाटात काही ऐकू आलं नाही. नंतर दोन नंबरला विचारलं, काय सांगितलं गं ताईंनी? ती म्हणाली, दोनच शब्द. “हात मागे.”

हे ऐकलं आणि मला पावसाळ्यातली ती संध्याकाळ आठवली. मी सरावाला सहज डोकावले होते. पाच जणी बचावाला उभ्या, सगळ्यांचे हात पाठीमागे ओढणीनं बांधलेले आणि प्रत्येकीच्या टाचेमागे अंतिम रेषेवर एकेक चप्पल. चढाई करणारीनं तीस सेकंद हवा तसा हल्ला करायचा. यांनी फक्त पायांवर हलायचं, अंग चुकवायचं आणि टाच चपलेला लागू द्यायची नाही. एकीचा तोल जाऊन ती सपशेल बसली, सगळ्या खिदळल्या. मला वाटलं, पकड शिकवायची सोडून हा काय खेळ मांडलाय? तसं घरी जाऊन बोललेही. ताई, ते बोलणं मी या पत्रानं मागे घेते.

कारण रविवारी नेमकं तेच लागलं. मॅटवर पाच जणी, म्हणजे समोरच्या मुलीला बोनस नाही; त्याला बचावात किमान सहा हव्यात. तिला गुण हवा तर कुणाला तरी स्पर्श करावाच लागणार. तुम्ही तिला स्पर्श मिळूच दिला नाही की ती आपोआप बाद. एकच धोका, मागे सरता सरता कुणाचा पाय रेषेबाहेर गेला तर गुण त्यांना. पकड करायची गरजच नव्हती. उलट पकड केली असती तरच ती सुटण्याचा धोका होता.

असं कागदावर लिहायला सोपं आहे. पण पाच नंबर, तुझा हात किती शिवशिवतो हे मला माहीत आहे. ती दोनदा तुझ्यासमोर आली, दुसऱ्यांदा तर पाऊल मुद्दाम असं ठेवलं की घोटा ताटात वाढल्यासारखा. मी तुझ्याच कोपऱ्यामागे बसले होते. तुझी टाच आणि अंतिम रेषा यांत चार बोटांचं अंतर होतं. तुझे पंजे मुठी करून पाठीमागे होते आणि नखं तळव्यात रुतलेली दिसत होती. तू हललीस ती फक्त एकदा, डावीकडे, अर्धं पाऊल. पंचांची शिट्टी झाली, तीस सेकंद संपले. २७-२६.

मला त्या क्षणी ओरडताही आलं नाही. त्याचं कारण ताईंना माहीत आहे, तुम्हाला नाही, म्हणून सांगते. अठरा वर्षांपूर्वी याच स्पर्धेचा अंतिम सामना, आम्ही एका गुणानं पुढे, शेवटची चढाई त्यांची. तिसऱ्या चढाईचा नियम तेव्हा नव्हता. चढाईला आलेली मुलगी रिकाम्या हातानं परत वळली होती. तिला जाऊ दिलं असतं तर करंडक आमचा होता. मी उजव्या कोपऱ्यातून झेप घेतली आणि घोटा धरला. मला वाचवायला कव्हरनं उडी टाकली. ती आम्हा दोघींना फरफटत रेषेपर्यंत घेऊन गेली. दोन गुण त्यांना, आम्ही एकानं हरलो. बसमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. ताईही बोलल्या नाहीत, त्या फक्त त्यांच्या लांबट वहीत काहीतरी लिहीत होत्या. काय लिहिलं हे विचारायची माझी आजवर हिंमत झाली नाही. त्या ओढण्या आणि चपला तिथूनच आल्या असाव्यात, असा आता मला दाट संशय आहे. तसं असेल तर त्या करंडकात माझाही थोडा वाटा धरायला हरकत नाही!

एका गुणाचा विजय म्हणजे नशीब, असं कालपासून दोघा-तिघांनी मला ऐकवलं. त्यांना मी सांगितलं, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आपल्या महिला संघानं चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५ नंच घेतलं. ते पदक कुणी अर्धं मोजत नाही. आणि प्रशिक्षक बाहेर बसून काय करतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१८ चा जकार्ताचा अंतिम सामना आठवावा. आधीच्या दोन्ही वेळचं सुवर्ण भारताचं, आणि तिथे इराणच्या मुलींनी आपल्याला २७-२४ असं हरवलं. त्या इराणी मुलींना घडवणाऱ्या होत्या आपल्या महाराष्ट्रातल्या शैलजा जैन. त्या दिवशी वाईट वाटावं की अभिमान, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता बारा नंबर. तू स्पर्धेत एक मिनिटही मॅटवर उतरली नाहीस आणि गुणपत्रकात तुझ्या नावापुढे काहीच नाही. पण ज्या मुलीला शेवटी बाद केलं, तिची नक्कल करून दोन आठवडे रोज तूच चढाया करत होतीस: तोच डावा पाय पुढे, तीच खांदा पाडून दिलेली हूल, वळताना तसंच मान वर करणं. पाच नंबर मला म्हणाली, “ती समोर आली तेव्हा मला वाटलं बारा नंबरच आलीये, म्हणून भीतीच वाटली नाही.” पदक गळ्यात घालताना तू मागच्या रांगेत उभी होतीस. सत्काराच्या फोटोत पुढे उभी राहा. ही विनंती नाही, माजी कर्णधाराचा हुकूम समज.

नऊ नंबर, गुडघ्याला सूज असेपर्यंत मैदानावर दिसलीस तर बघ. राज्य स्पर्धेला तू हवी आहेस, म्हणूनच सांगते. सात नंबर, तुझं कौतुक बाकीचे करतायत तेवढं पुरे. परतताना अजून डावीकडे बघायची राहतेस, एवढंच.

आणि ती समोरची मुलगी. हरल्यावर डोळे पुसत ती पाच नंबरकडे आली आणि तिच्या बंद मुठी उघडून बघितल्या. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण दोघी हसल्या. तिचंही अभिनंदन या पत्रात असू दे.

ताई, तुमचे आभार मानायला गेले तर तुम्ही नेहमीप्रमाणे “बरं, बरं” म्हणून पाण्याची पाइप उचलून मैदान भिजवायला जाल. म्हणून लेखी मानते. पहाटे साडेपाचला कुलूप उघडणाऱ्या, प्रत्येकीच्या घरी जाऊन “मी स्वतः सोडायला येईन” असा शब्द देणाऱ्या आणि तो इतकी वर्षं पाळणाऱ्या तुम्हीच. करंडक तुमच्या हातात होता तेव्हा तुम्ही तो उलटा धरला होतात, हे फोटोत दिसतंय. सवय नाही ना अजून.

बुधवारी संध्याकाळी सहाला सत्कार आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, मी पाचलाच येऊन वरचा खण पुसून ठेवते. ताई, येताना ती लांबट वही आणा. रविवारच्या शेवटच्या चढाईपुढे ‘पकड कुणाची’ या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय ते मला बघायचंय. आणि हिंमत झालीच, तर अठरा वर्षांपूर्वीचं पानही.

तुमचीच,
मंडळाची जुनी उजवी कोपरारक्षक