विषय: जानेवारी ते मार्च इंटर्नशिपसाठी अर्ज – भूजल आणि पाण्याचा ताळेबंद (प्राजक्ता, बी.टेक. शेवटचं वर्ष)

नमस्कार मॅडम,

मी प्राजक्ता, राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्या संस्थेला तीन महिन्यांसाठी इंटर्न हवेत आणि अर्ज मराठीतच करायचाय असं आमच्या सरांकडून कळलं, म्हणून हा मेल. गावात बसून विहिरी मोजायच्या आणि ते आकडे शेतकऱ्यांना कळतील असे लिहून द्यायचे, हे काम वाचल्यावर मला वाटलं की आपण वर्षभर जे करतोय ते नीट शिकायची हीच जागा आहे.

माझं गाव संगमनेर तालुक्याच्या पठार भागात आहे. आमच्याकडे ऑक्टोबरात विहिरी भरलेल्या दिसतात आणि मार्चमध्ये टँकरची चर्चा सुरू होते, मधल्या चार महिन्यांत पाणी कुठे जातं हे प्रत्येकजण आपापल्या अंदाजाने सांगतो पण मोजलेलं कोणाकडेच नसतं. दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजची ट्रिप हिवरे बाजारला गेली होती, तिथे पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात हे ऐकलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही, कारण तिथे पाऊस काही आमच्यापेक्षा फार जास्त पडत नाही.

म्हणून गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून गावातल्या १४ विहिरी दर पंधरा दिवसांनी मोजायला लागले. साधा ३० मीटरचा टेप, त्याच्या टोकाला जाड नट बांधलेला, आणि प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटची एक खूण, त्याच खुणेवरून टेप सोडायचा. नट पाण्याला लागला की टप्प असा आवाज येतो आणि टेप ढिला पडतो, तो आकडा लिहायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. मी घरी नसेन तेव्हा माझा दहावीतला भाऊ मोजायचा आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा.

पहिल्या महिन्यातले आकडे मी वापरलेले नाहीत हे आधीच सांगते. मी सकाळी आठला जायचे, आणि ज्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री असायची त्या आठवड्यात मोटारी पहाटेपर्यंत चाललेल्या असायच्या, त्यामुळे विहीर उपसलेली असताना मोजली जायची आणि आकडा चुकायचा. हे लक्षात आल्यावर मोटार बंद करून किती तास झाले याचा वेगळा कॉलम केला आणि सहा तासांपेक्षा कमी असेल तर ते मोजमाप धरायचं नाही असं ठरवलं. सहा तास पुरेसे आहेत का, हे मात्र मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय, कारण आमच्या काही विहिरी रात्रभरातही पूर्ण भरून येत नाहीत.

सगळ्यात जास्त शिकवलं ते दोन विहिरींनी. माझ्या चुलत्यांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची, मध्ये जेमतेम ६० मीटर अंतर, खोली जवळपास सारखी, तरी चुलत्यांची फेब्रुवारीत तळ गाठते आणि शेजाऱ्यांची एप्रिलपर्यंत टिकते. गावात यावरून जुना वाद आहे, की शेजारी रात्री जास्त उपसतात म्हणून आमचं पाणी तिकडे ओढलं जातं. मे महिन्यात दोन्ही विहिरींत उतरून बघितलं तर शेजाऱ्यांच्या विहिरीत वरून सात मीटरपर्यंत मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला खडक आहे, आणि चुलत्यांच्या विहिरीत तीन मीटरनंतर थेट काळा एकसंध पाषाण लागलाय, म्हणजे पाणी साठायला जागाच कमी. चुलत्यांना मी ते बॅटरी मारून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं आपण उगाच भांडलो." माझ्या मते हा आकड्यांचा खरा उपयोग आहे, आणि मला हेच काम करायचंय.

दुसरी एक गोष्ट डिसेंबरमधली आहे. नोव्हेंबर ते डिसेंबर चुलत्यांच्या विहिरीतलं पाणी अडीच मीटर उतरलं होतं आणि उन्हाळ कांद्याला एप्रिलपर्यंत पाणी लागतं. आलेख दाखवल्यावर त्यांनी दीड एकराऐवजी अर्धा एकरच कांदा लावला, बाकी रानात हरभरा केला, आणि तो अर्धा एकर पूर्ण निघाला.

यंदा ऑक्टोबरमध्ये पूर्ण हिशोब करून बघितला. गावाचं क्षेत्र ६२० हेक्टर, शाळेतल्या पर्जन्यमापकावर पाऊस ४१० मिमी, आणि एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, तर एकूण पडलं सुमारे २,५४२ टीसीएम. विहिरी आहेत तो सपाटीचा भाग ३१० हेक्टर, मे ते ऑक्टोबर पातळी सरासरी ४.२ मीटर वर आली, बेसॉल्टसाठी साठवण २ टक्के धरली तर जमिनीत मुरलेलं पाणी साधारण २६० टीसीएम येतं, म्हणजे पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा. हा अंदाज ढोबळ आहे, २ टक्के सगळीकडे लागू होणार नाहीत हे त्या दोन विहिरींवरूनच दिसतं, पावसाळ्यातला उपसाही मी धरलेला नाही, आणि पंपिंग टेस्ट मी स्वतः कधी केलेली नाही, फक्त प्रॅक्टिकलला बघितलीय. तीच मला या तीन महिन्यांत शिकायचीय.

बाकी ऑटो लेव्हल आणि टोटल स्टेशनने सर्व्हे करता येतो, क्यूजीआयएसमध्ये गट नंबरनुसार नकाशे केलेत, एक्सेल रोजच्या वापरातलं आहे. टू-व्हीलरचं लायसन्स आहे आणि गावात राहायची पूर्ण तयारी आहे, घरच्यांशी बोलून झालंय, फक्त राहायची सोय कुठे आणि कोणासोबत असेल ते कळवलंत तर आईला सांगता येईल.

लिखाणाबद्दल एक सांगायचंय. तुम्हाला शेतकऱ्यांसाठी पत्रकं लिहून हवीयत आणि माझं शुद्धलेखन कच्चं आहे, म्हणून हा मेल पाठवण्याआधी शाळेतल्या मराठीच्या बाईंकडून तपासून घेतलाय. वर्षभर मी सगळ्या वह्यांमध्ये 'विहीरीची पातळि' असं लिहीत होते, बाईंनी 'विहिरीची पातळी' करून दिलं आणि नियमही सांगितला, की विहीर मधला ही दीर्घ पण शब्दाला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो, जसं गरीब पण गरिबाला. वाक्यं, आकडे आणि म्हणणं माझंच आहे. पत्रकं लिहिताना सुरुवातीला कोणीतरी तपासणारं लागेल, पण सांगितलेली चूक मी परत करत नाही.

सोबत सीव्ही, १४ विहिरींच्या मोजमापांची एक्सेल फाइल (टाकून दिलेले आकडेही त्यात वेगळ्या रंगात ठेवलेत), दोन पानांचं टिपण आणि आमच्या गाइड सरांचं पत्र जोडलंय. ५ जानेवारीपासून ३१ मार्चपर्यंत मी पूर्णवेळ येऊ शकते. फोनवर बोलायचं असेल तर दुपारी चारनंतर कधीही चालेल, नंबर सीव्हीवर आहे.

तुमची,
प्राजक्ता
बी.टेक. (कृषी अभियांत्रिकी), शेवटचं वर्ष, राहुरी