सोलापूर स्टेशनचा निरोप घेताना

सहकारी बंधू-भगिनींनो आणि पासधारक मंडळी,

आज चार्ज सोडतोय. आभार मानायचे तर आधी आपल्या पॉइंट्समन मंडळींचे मानतो. पॅनेलवर पॉइंटचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागेचा, दिवा लुकलुकायला लागला की मास्तर खुर्चीत असतो आणि रुळावर पळतात हे. बहुतेक वेळा सरकणारी टंग रेल आणि तिच्या बाजूची स्थिर स्टॉक रेल यांच्यात खडी अडकलेली असते. पाच मिलिमीटरची फट राहिली तरी लॉक बसत नाही आणि सिग्नल पडत नाही. तो पडू नये, हेच बरोबर. मग क्रँक हँडलची चावी काढायची, पॉइंट हाताने फिरवायचा, क्लॅम्प लावून कुलूप घालायचं, तेव्हा कुठे लोको पायलटच्या हाती गाडी पुढे न्यायच्या लेखी परवानगीचा मेमो जातो. एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत रूळ हाताला चटका देतो. त्या उन्हात, बाहेर सगळे घाई करत असताना, या लोकांनी क्लॅम्प न लावता "झालं साहेब" असं कधी म्हटलं नाही. यासाठी मी तुमचा कायम ऋणी आहे.

ट्रॅकमन आणि की-मन भावांनो, थंडीत पहाटे रूळ आकसतो, वेल्डपाशी तडा जातो, आणि तो दिसतो तुमच्या चालत्या पायांना. गेटमननी प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीचा गुप्त आकडा, दिला की गेट बंद आहे, यावर आम्ही डोळे झाकून विसंबलो. सिग्नलवाले, ओव्हरहेड वायरवाले, बुकिंग, पार्सल, आरपीएफ, सफाईच्या मावश्या, कंट्रोलवरचे आवाज, सगळ्यांचे आभार. होटगी आणि कुर्डुवाडीच्या मास्तरांनी मालगाडी कुठे धरायची आणि कुठे सोडायची हे वेळेत सांगितलं, म्हणून हुतात्मा, सिद्धेश्वर वेळेवर सोडता आल्या.

आता पासवाले. कुर्डुवाडी, माढा, मोहोळहून रोज येणारी तुम्ही माणसं. आषाढीला आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा तुम्हीच नवख्यांना कडेपासून मागे सारलंत, वारकरी आजींना आधी चढू दिलंत. चाकाजवळ धूर दिसला तर धावत येऊन डब्याचा नंबर सांगितलात. नुसतं "धूर येतोय" म्हटलं तर अख्खी गाडी चाचपावी लागते, नंबर कळला की माणूस थेट तिथेच जातो.

एक विनंती मात्र करून जातो. मागे राहिलेल्या मित्रासाठी साखळी ओढू नका. ब्रेक पाइपमधली हवा उतरते. मग डबा शोधायचा, साखळी पूर्ववत करायची आणि दाब पुन्हा पाच किलोवर आणायचा. तोवर मागची गाडी पाकणीला उभी, आणि तिच्यात तुमच्यासारखेच ड्यूटी गाठायला निघालेले लोक. अडचण असेल तर 139 लावा.

नव्या मास्तरांनाही तुम्ही असंच सांभाळून घ्याल, याची मला खात्री आहे. सगळ्यांना मनापासून नमस्कार.