मुक्ताच्या लग्नाला येणं होत नाही, म्हणून हे पत्र

सातारा,
18 नोव्हेंबर

ती. अण्णा आणि सौ. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

मुक्ताची पत्रिका काल दुपारी मिळाली. पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू, आत कागदाच्या पुडीत अक्षता, आणि पत्त्यावर वहिनींचं अक्षर. आम्ही सांगली सोडली त्याला तेरा वर्षं झाली. गावभागातल्या त्या वाड्यात खालच्या दोन खोल्यांतले आम्ही भाडेकरू. आमच्यानंतर किती बिऱ्हाडं आली-गेली असतील, तरी लेकीच्या लग्नात आमची आठवण ठेवलीत. हे पत्रिका वाचून दाखवत होते, पण ‘सहकुटुंब सहपरिवार’ला पोचले आणि पुढचं त्यांच्याच्यानं वाचवेना.

वहिनी, लिहायला जीव होत नाही, पण आम्हाला लग्नाला येता येणार नाही. प्राजक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. डॉक्टरांनी 5 डिसेंबर तारीख दिली आहे, आणि तुमचा मुहूर्त 7 चा. त्यात गेले पंधरा दिवस तिचं बीपी वाढलेलं, पायांवर सूज. डॉक्टर म्हणाले, जरा काही वाटलं तर वेळ न घालवता घेऊन या. यांना तरी एकट्याला पाठवावं असं मनात होतं, पण रात्री-अपरात्री निघायची वेळ आली तर गाडी चालवायला घरात तेच. जावई तिकडून येईपर्यंत आम्हा दोघांनाच तिच्याजवळ राहायला हवं.

मुक्ता नवरी झाली, हे अजून डोळ्यांपुढे येत नाही. माझ्या डोळ्यांपुढे येते ती 2005 च्या पुरातली. पाणी वाड्यात शिरलं तसं अण्णांनी आम्हाला हाक मारून वर बोलावलं. वहिनी, तुम्ही मेणबत्तीच्या उजेडात नऊ माणसांचा पिठलं-भात रांधत होतात. मी मदतीला उठले की म्हणायचात, “तू पोरींकडे बघ.” आणि पाच वर्षांची मुक्ता जिन्याच्या तोंडाशी बसून पायऱ्या मोजायची. “काकू, आज तीन गेल्या.” दुसऱ्या दिवशी, “काकू, अजून दोन गेल्या.” मग एका सकाळी ओरडत आली, “काकू, एक परत आली!” पाणी उतरायला लागल्याचं आम्हाला तिनंच सांगितलं. भिजलेलं सगळं फेकून आम्ही खाली पुन्हा संसार मांडला, तेव्हा अण्णांनी दोन महिन्यांचं भाडं घेतलं नाही. त्याबद्दल कधी चकार शब्दही काढला नाहीत. आज लिहितेय, कारण तेव्हा बोलायचं राहून गेलं.

प्राजक्ताला पत्रिका दाखवली तर तिचंच जास्त चाललंय. “आई, मी नवऱ्या मुलीची पाठराखीण व्हायचं ठरलं होतं गं.” दोघींचं म्हणे शाळेत असतानाच ठरलं होतं. ती मुक्ताला वेगळा फोन करणारच आहे.

अण्णा, तुमची उभी हयात हळदीच्या अडतीत गेली. संध्याकाळी तुम्ही घरी आलात की जिन्यात हळदीचा वास यायचा. आता त्याच हळदीनं घरची लेक माखायची. त्या दिवशी तुम्ही रडाल हे मला माहीत आहे. खुशाल रडा, अडवू नका.

चि. ओंकारला आमचे आशीर्वाद सांगा. मुक्ताला म्हणावं, काकूनं सांगितलंय, सासरी आपल्या माणसांसारखी राहा, तिथल्यांना आपलं कर, आणि कधी मन भरून आलं तर साताऱ्याला ये, हेही तुझं एक माहेर आहे. दोघांचा संसार सुखाचा होवो, घर भरलेलं राहो.

तुम्ही पाठवलेल्या अक्षता देवघरात ठेवल्या आहेत. 7 तारखेला दुपारी 12.35 ला, घरी असो की दवाखान्यात, हातात घेऊन सांगलीच्या दिशेला टाकीन. हे मंगलाष्टकं म्हणणार आहेत.

पत्रिकेत आहेर आणू नये असं छापलंय, म्हणून आहेर पाठवत नाही. एक डबा मात्र पाठवतेय. आम्ही निघालो त्या दिवशी वाटेत पोरांना खायला म्हणून वहिनींनी भडंग भरून दिला होता, तो स्टीलचा डबा. झाकणावर तुमचं नाव कोरलेलं आहे. इतकी वर्षं माझ्या मांडणीवर होता, रिकामा कसा परत करायचा म्हणून राहिला. माझा भाचा मिरजेला नोकरीला असतो, तो शनिवारी इथून जाईल. त्याच्याबरोबर डबा कंदी पेढे भरून देते. लग्नघरात पाहुण्यांना वाटा, पण पहिला मुक्ताच्या तोंडात घाला.

बाळ झालं की कळवतेच. बारशाला तुम्ही दोघांनी, आणि जमलं तर नव्या जोडप्यानंही, यायचं आहे.

तुमची,
सुमन