विषय : दहा वर्षांत पाच सेंटिमीटर उंची कमी झाल्याबाबत

वाई,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात आलो की बाहेर वीस माणसं बसलेली असतात. आत खुर्चीवर टेकेपर्यंत माझं निम्मं बोलणं विसरायला होतं. म्हणून यावेळी लिहूनच पाठवतोय.

हयातीच्या दाखल्यासाठी जुनी फाईल काढली, तर २०१५ सालच्या पेन्शनच्या कागदांची प्रत हाती लागली. त्यात ओळखखुणांच्या खाली उंची लिहिली आहे : १६९ सें.मी. सहज म्हणून भिंतीला पाठ लावून मोजली, तर १६४. आधी वाटलं, त्या वेळच्या क्लार्कने चपलांसकट मोजली असेल. पण माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात मोजणी करण्यात गेली. एका मापावर मी कधी हद्द कायम केलेली नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, अनवाणी, डोक्यावर सुताराचा गुण्या धरून मोजणी केली. सकाळी १६४.६ आणि संध्याकाळी १६३.४ येते. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री पुन्हा फुगतात, त्यामुळे एवढा फरक पडतो हे वाचलेलं आहे. त्याची काळजी नाही.

मग दोन्ही हात पसरून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत टेप धरायला लावली. १७० भरलं. तरुणपणी उंची आणि वाव साधारण सारखेच असतात, आणि वाव काही म्हातारपणी आटत नाही. म्हणजे कागदावरचे १६९ खरेच असावेत.

आणखी एक सांगतो. जुन्या पँटी आजही पायाला बरोबर बसतात, घोट्याखाली लोळत नाहीत. शर्ट मात्र लांब वाटायला लागलेत. बसून वाकलो की बरगडी कमरेच्या हाडाला टेकल्यासारखी होते. वजन दोन किलो उतरलंय, तरी पोट पुढे आलंय. यावरून पाय आहेत तेवढेच आहेत, जी काही घट आली ती धडात, असा माझा हिशेब. चूक असेल तर सांगा.

घरात म्हणतात, "वय झालं की माणूस खुजा होतोच, त्यात नवल काय?" ते मलाही पटतं. चकत्या वाळतात, स्नायू सैल पडतात, दहा वर्षांत एखादा सेंटिमीटर जाणारच. पण पाच? म्हणून तुम्हाला उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी कळवतो.

पहिली, दम्याची. तुमच्याकडे येण्याआधी बरीच वर्षं दर हिवाळ्यात मी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होतो. कधी पंधरा दिवस, कधी महिनाभर. चिठ्ठ्या सापडल्या तेवढ्या सोबत जोडल्या आहेत. आता फक्त पंप आहे. विडीही २००८ पर्यंत होती, हे तुम्हाला आधी सांगितलेलं नाही.

दुसरी, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ज्वारीचं पोतं सरकवताना पाठीत कडकन झालं. उसण भरली म्हणून तीन आठवडे बाम चोळला, शेक घेतला. दुखणं गेलं, फोटो काढला नाही. त्याच वेळी एखादा मणका चेपला असेल का? असे मणके फारसं न दुखताही चेपतात म्हणे. उंची नेमकी कधीपासून कमी झाली ते मला सांगता येणार नाही, मध्ये कोणी मोजलीच नव्हती.

तिसरी, आमची आई. साठीनंतर तिला पोक आलं आणि शेवटी न्हाणीघरात पडून खुबा मोडला. त्यानंतर ती उठली नाही. हे बायकांचं दुखणं, असं आम्ही तेव्हा समजत होतो.

आता विचारायचं ते असं. आधी पाठीचा एक्स-रे काढू की थेट हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करू? ती साताऱ्यात होईल की पुण्यालाच जावं लागेल? 'ड' जीवनसत्त्वासाठी रक्त द्यायचं तर उपाशीपोटी येऊ का? औषधाच्या दुकानातला पोरगा कॅल्शियमची बाटली पुढे करत होता, मी घेतली नाही. तुमच्या शब्दाशिवाय घेणार नाही.

आणि रोज बारा सूर्यनमस्कार घालतो. पुढे वाकणं हाडांना घातक असेल तर बंद करीन, पण चालायला तरी परवानगी द्या. घाटावरून गणपतीपर्यंत जाऊन येतो, तेवढीच भेटीगाठी.

हातापायांना मुंग्या नाहीत, लघवीची तक्रार नाही, ताप नाही. गुरुवारी सकाळी येतो. त्याआधी यायला हवं असेल तर कंपाउंडरकडे निरोप ठेवा.

आपला,
सदाशिव मोजणीवाले

ता.क. : तुमच्या दवाखान्यातली उंचीची पट्टी जमिनीपासून दोन बोटं वर ठोकलेली आहे. गुरुवारी माझी टेप घेऊनच येतो.